दहा वाजून बारा मिनिटांनी नेमकं काय करायचं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या वर्षी एका गृहप्रवेशावरून चांगलीच जुंपली. सातव्या मजल्यावर नवं कुटुंब येणार होतं. गुरुजींनी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांची वेळ दिली होती. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, टाकीत पाणी चढलेलं नव्हतं, तरी पंचाहत्तरीच्या आजींसह सगळी मंडळी कलश घेऊन जिना चढत होती. कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "शिकलेले लोक, एकविसावं शतक!" लगेच दुसऱ्यानं उत्तर दिलं की मुहूर्त म्हणजे विज्ञान आहे, त्या क्षणी ग्रहांची ऊर्जा वास्तूत शिरते, नासासुद्धा मान्य करते वगैरे. पुढचे दोन दिवस ग्रुपवर पाणी, पार्किंग, सगळे विषय बंद. एक बाजू म्हणे थोतांड, दुसरी म्हणे ऊर्जा. इतक्या संदेशांत एकानंही विचारलं नाही की त्या गुरुजींनी ती वेळ काढली कशी आणि ती नेमकी कशाची वेळ होती.

मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो, कारण दोघांचंही गृहीतक एकच आहे. मुहूर्त हे कारण आहे आणि घरातलं पुढचं सुखदुःख हा त्याचा परिणाम, असं दोघंही धरून चालतात. एक म्हणतो हे कारण खोटं, दुसरा म्हणतो खरं. माझं म्हणणं असं की घरासाठी मुहूर्त काढणं हा मुळात निर्णय घेण्याचा एक रिवाज आहे. घर राहण्याजोगं झालं का, घरची माणसं एकत्र येऊ शकतात का, आणि आता आणखी न रेंगाळता उंबरठा कधी ओलांडायचा, या तीन गोष्टींना तो एका बाहेरच्या मोजपट्टीशी बांधतो. ती मोजपट्टी ग्रहनक्षत्रांची आहे हे खरं. पण तिच्या नियमांत सूट आहे, पळवाटा आहेत, अपवाद आहेत, आणि मुहूर्ताचा अर्थ शोधायचा तर तो तिथेच सापडतो. भाषा तर हे केव्हाच सांगून बसली आहे. मुहूर्त आपण 'काढतो', घरातला जुना पेटारा उपसून उपयोगाची वस्तू बाहेर काढावी तसा. आणि एखादं रखडलेलं काम अखेर सुरू झालं की म्हणतो, "लागला बाबा एकदाचा मुहूर्त!"

माझे एक काका भिक्षुकी करत. त्यांच्याजवळ बसून मी मुहूर्त काढताना पुष्कळदा पाहिलं आहे. त्यांची रीत गव्हाला चाळण लावण्यासारखी होती. चांगला क्षण शोधायला ते निघतच नसत, वाईट काढून टाकत आणि उरलेल्यातून निवडत. २०२६ सालचंच उदाहरण घेऊ. समजा पुण्यातल्या एका कुटुंबाला मे महिन्याच्या सुरुवातीला नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक, म्हणजे १७ मे ते १५ जून हा सगळा महिना चाळणीतून खाली गेला. जुलैच्या मध्याला गुरूचा अस्त आणि २५ जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे चातुर्मास. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सामान हलवणं जमलं नाही, तर हाताशी उरतो तो निज ज्येष्ठ, १६ जूनपासून पुढचा. आता घरच्यांची इच्छा बघा. मुलाला सुट्टी रविवारी, पाहुण्यांनाही रविवार सोयीचा, म्हणून त्यांनी २८ जून सुचवला. काकांनी पंचांग उघडलं असतं तर एका मिनिटात मान हलवली असती. त्या दिवशी चतुर्दशी, म्हणजे चौथ-नवमी-चतुर्दशी या रिक्ता तिथींपैकी एक. नक्षत्र ज्येष्ठा, प्रवेशाला न चालणारं. आणि रविवार तर मंगळवारासोबत आधीच वगळलेला. तीन फुल्या.

मग ते मागे सरकले असते. नव्या घरात शिरायला मृदू आणि ध्रुव म्हणवली जाणारी नक्षत्रं हवीत: रोहिणी, तिन्ही उत्तरा, मृग, चित्रा, अनुराधा, रेवती. २४ जूनच्या बुधवारी सकाळी चित्रा आहे, दशमी आहे. २७ जूनच्या शनिवारी अनुराधा आणि त्रयोदशी. दोन्ही दिवस उभे राहतात. आणखी एक चाळण उरते, तिला कलशचक्र म्हणतात. सूर्य ज्या नक्षत्रात असेल तिथपासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं. पहिली पाच नक्षत्रं वर्ज्य, पुढची आठ चांगली, त्यापुढची आठ वर्ज्य, शेवटची सहा चांगली. जूनच्या चौथ्या आठवड्यात सूर्य आर्द्रात असतो, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. आर्द्रापासून चित्रा नववी, अनुराधा बारावी, म्हणजे दोन्ही चालतात. पण जुलैच्या पहिल्या दिवसांत येणारी उत्तराषाढा, नाव उत्तरा असलं तरी सोळावी पडते आणि गळते. एवढं झाल्यावर लग्न बघायचं, म्हणजे पूर्व क्षितिजावर कोणती रास उगवते आहे ते. घराला स्थिर रास हवी. जूनअखेरीस पुण्यात सकाळी साडेनऊच्या थोडं पुढून पावणेबाराच्या आसपासपर्यंत सिंह लग्न असतं, आणि सिंह स्थिर. झाला मुहूर्त. बुधवारी किंवा शनिवारी, दहा ते साडेअकराच्या दरम्यान.

या सगळ्या खटाटोपातून हाती आलेली गोष्ट कशी आहे ती पाहा. दोन दिवस, आणि त्या प्रत्येकात जवळपास दोन तास. दहा वाजून बारा मिनिटं यात कुठेच नाहीत. मग ती आली कुठून? याचं उत्तर देताना मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. शास्त्रात बारीक मोजमाप नाही असं मुळीच नाही. घटिकेची साठ पळं होतात आणि एक पळ चोवीस सेकंदांचं. लग्नाचे नऊ नवमांश पाडले तर एकेक साधारण तेरा-चौदा मिनिटांचा होतो, आणि चांगला जाणकार त्यातला स्थिर नवमांश निवडतो. पण खुद्द 'मुहूर्त' हे ज्या कालमापाचं नाव आहे ते दोन घटिकांचं, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचं. अहोरात्रात असे तीस. आणि ज्या काळात हे ग्रंथ लिहिले गेले त्या काळी घटिका मोजायची ती पाण्यावर तरंगणाऱ्या, बुडाला बारीक भोक असलेल्या तांब्याच्या वाटीनं. वाटी बुडाली की एक घटिका. मिनिटाचा काटा आपल्या आयुष्यात आला तो आगगाडी आणि कचेरीबरोबर.

तो काटाही सगळ्यांचा एक नव्हता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईनं आपली एकोणचाळीस मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' कितीतरी वर्षं सोडली नाही. महापालिकेत तर ती स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकली. मग त्या काळात मुंबईत कुणी 'दहा बाराचा मुहूर्त' सांगितला असता तर यजमानानं पहिला प्रश्न काय विचारला असता? "कोणत्या घड्याळाप्रमाणे?" आज तो प्रश्न विचारला जात नाही, पण अडचण तशीच आहे. लग्न हे जागेवर अवलंबून असतं. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत सहा अंशांहून थोडा जास्त फरक आहे, म्हणजे नागपूरला सूर्यही साधारण पंचवीस मिनिटं आधी येतो आणि राशीही. मुंबईसाठी काढलेली दहा बाराची वेळ कुणी नागपूरच्या भाच्याला पुढे पाठवली आणि त्यानं ती मिनिटासकट पाळली, तर तो नेमकं काय पाळतो आहे? न्यूजर्सीत घर घेणारे मराठी लोक तर पुण्याच्या यादीतली वेळ साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक वजा करून घेतात आणि निश्चिंत होतात. तिथी-नक्षत्राचा क्षण जगभर एकच असतो, त्यामुळे घड्याळाचं हे गणित त्यापुरतं बरोबर आहे. लग्नाच्या बाबतीत मात्र ते साफ चूक आहे. तिथलं क्षितिज वेगळं. अयोध्येच्या २०२४ च्या प्राणप्रतिष्ठेत चौऱ्याऐंशी सेकंदांचा मुहूर्त सगळ्या वाहिन्यांनी गाजवला. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या गुरुजींना यजमान सेकंदही विचारतात, असं ते हसत सांगतात.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात जोरकस म्हणणं ऐकू. विवेकवादी म्हणतील, तुम्ही रिवाज म्हणून त्याला कितीही सोज्वळ रूप द्या, प्रत्यक्षात हा भीतीचा धंदा आहे आणि त्याची किंमत पैशात मोजता येते. खरं आहे. वरच्याच उदाहरणात जूनचे दोन दिवस हुकले आणि कुणी कडक अर्थ लावला की नव्या घराला माघ, फाल्गुन, वैशाख, ज्येष्ठ एवढेच महिने, तर ते कुटुंब थेट फेब्रुवारी २०२७ वर जातं. भाडं पंचवीस हजार धरलं तर सात महिन्यांचे पावणेदोन लाख, आणि गृहकर्जाचा हप्ता चालूच. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'च्या पहिल्या प्रकरणात शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून मरणानंतरपर्यंतचे प्रसंग एकामागून एक घेतले आहेत आणि प्रत्येक ठिकाणी दक्षिणा कशी काढली जाते ते दाखवलं आहे. नवं घर बांधण्याचा प्रसंगही त्यातून सुटलेला नाही. ज्या गावात जोशीपण वतन होतं, तिथे मुहूर्त सांगणं ही सेवा नव्हती, हक्क होता. तुम्ही न बोलावताही त्याचं द्यावं लागे, आणि सत्यशोधकांनी आपली कार्यं आपणच उरकली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. त्या इतिहासाकडे डोळेझाक करून मुहूर्ताचं कौतुक करणं मला जमणार नाही. फुल्यांचा वार मात्र नीट पाहिला तर तो सक्तीवर आणि लुबाडणुकीवर आहे. आज गुरुजी निवडता येतात, बदलता येतात, मुहूर्त नाकारताही येतो. सक्ती गेली. भीती उरली आहे, आणि ती आता जोशापेक्षा नातेवाईक जास्त घालतात.

कारण-परिणामाच्या कल्पनेची परीक्षा घ्यायची तर पुण्याच्या मध्यावर उभं राहावं. शनिवारवाड्याच्या बांधकामाला प्रारंभ झाला १० जानेवारी १७३० ला, शनिवारी. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ ला, रथसप्तमीला, पुन्हा शनिवारीच. ज्यांच्या दारी शास्त्रीपंडितांची रांग, त्या पेशव्यांचा हा मुहूर्त, म्हणजे काढणाऱ्यांत काही उणीव असेल असं कुणी म्हणणार नाही. त्याच वाड्यात १७७३ च्या ऑगस्टमध्ये नारायणरावाचा खून झाला. १८२८ साली आग लागली आणि वाडा जळून गेला. मुहूर्त चुकला होता का? ऊर्जावाद्यांनी उत्तर द्यावं. आणि त्याच वाड्यातून अटकेपार जाणाऱ्या फौजांचा कारभारही चालला, तेव्हा मुहूर्त साधला होता का? याचं उत्तर थोतांडवाद्यांनी द्यायची गरज नाही, त्यांचा मुद्दा तिथेच सिद्ध होतो, हे मी मान्य करतो. गंमत वेगळीच आहे. आज फ्लॅटसाठी शनिवार सुचवला की निम्मी घरं नाक मुरडतात. जुन्या ग्रंथकारांत मात्र एक मत असं आहे की शनिवारी प्रवेश केला तर घराला स्थैर्य येतं, फक्त चोरांचं भय राहतं. म्हणजे शनिवार घ्या आणि कुलूप जरा चांगलं बसवा.

मग दुसरी हरकत येते, आणि माझ्या मते हीच खरी अवघड आहे. मुहूर्त जर केवळ निर्णयाचा रिवाज असेल, तर चित्रा-अनुराधेचा एवढा घोळ कशाला? सरळ २८ जूनचा रविवार धरा. सगळ्यांना सुट्टी. पण ज्यांनी कधी घरची तारीख ठरवली आहे त्यांना ठाऊक असतं की रविवार सगळ्यांना सोयीचा कधीच नसतो. थोरल्याचा रविवार धाकट्याच्या सुनेच्या परीक्षेवर येतो, जावयाची पाळी असते, गावाकडच्या काकूंना बाजाराचा दिवस सोडवत नाही. सोयीनं तारीख ठरवायची म्हटलं की कुणाच्या सोयीनं हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर घरातल्या सत्तेप्रमाणे मिळतं. चित्रा नक्षत्र मात्र कुणाचंच नातलग नसतं. ज्याचा दिवस हुकतो तो गुरुजींवर रागावतो, भावावर नाही. गुरुजींचं निम्मं काम हा राग अंगावर घेणं आहे, असं माझे काका म्हणत आणि दक्षिणा त्याचीच असते अशी पुस्तीही जोडत. दुसरी गोष्ट, फक्त सोयीवर सोडलेला प्रवेश पुढे ढकलत जातो. रंग राहिला, गाद्या यायच्यात, पडदे शिवायला टाकलेत. चातुर्मास लागतोय म्हटलं की सुतारालाही कळतं की आता थापा चालणार नाहीत.

श्रद्धावान वाचक इथे दुखावतील. "आम्ही काय नाणेफेक करतो?" असं ते म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. जो मनापासून मानतो त्याला हा रिवाज म्हणून सांगणं म्हणजे त्याच्या देवाला पंच म्हणण्यासारखं आहे. त्यांच्याशी मला त्यांच्याच ग्रंथातून बोलायला आवडेल. आजही ज्याच्या आधारानं बहुतेक मुहूर्त काढले जातात तो 'मुहूर्तचिंतामणि' राम दैवज्ञानं काशीत शके १५२२ मध्ये, म्हणजे १६०० साली पुरा केला. त्यात गृहप्रवेशाला स्वतंत्र प्रकरण आहे. परंपरा प्रवेशाचे प्रकार तीन मानते. अगदी नव्या घरात पहिल्यांदा शिरणं तो अपूर्व. लांबच्या प्रवासाहून आपल्याच घरी परतणं तो सपूर्व. आग, पूर अशा आपत्तीनंतर दुरुस्त केलेल्या घरात पुन्हा शिरणं तो द्वंद्व. वर मोजले ते कडक नियम पहिल्या प्रकाराचे. जुन्या घरासाठी किंवा आगीबिगीच्या भयानंतर उभ्या केलेल्या घरासाठी राम दैवज्ञ श्रावण, कार्तिक, मार्गशीर्षही उघडे करतो, पुष्य, स्वाती, धनिष्ठा, शततारका ही नक्षत्रंही चालवून घेतो, आणि इथे गुरू-शुक्राच्या अस्ताचा विचार आवश्यक नाही असं स्पष्ट सांगतो.

हे कळलं की आपल्या शहरांतल्या निम्म्या चिंता सुटतात. दुसऱ्याकडून विकत घेतलेला वीस वर्षं जुना फ्लॅट हा अपूर्व प्रवेश आहे का? घेणाऱ्याला तो नवा, वास्तू जुनीच. बहुतेक जाणकार गुरुजी तिथे जुन्या घराचा सैल नियम लावतात. भाड्याच्या घराला तर साधा चांगला दिवस पाहून दूध उतू घालवलं की झालं. आणि तरीही लोक अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या घरासाठी शुक्राचा अस्त संपायची वाट पाहतात, तोवर दोन घरांचं भाडं भरतात. यात दोष शास्त्राचा की आपल्या अर्धवट माहितीचा? ज्या ग्रंथकाराला आगीत घर गेलेल्या माणसाला आणखी चार महिने उघड्यावर ठेवणं मान्य नव्हतं, त्याच्या नावानं आपण ही वाट पाहतो. साडेतीन मुहूर्तांचंही तसंच. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा. महिन्यांच्या कडक यादीत दसरा बसत नाही, तो भर चातुर्मासात येतो. लोकाचारानं त्याला आत घेतलं आणि शास्त्र्यांनी हरकत घेतली नाही. जिथे मागच्या दारानं येण्याची एवढी सोय मुद्दाम ठेवली आहे, तिथे पुढच्या दाराशी मिनिटांचा पहारा कुणी बसवला?

आणि जी अट खरोखर कडक आहे ती मात्र आपण विसरलो आहोत. गृहप्रवेशाबद्दल एक जुना श्लोक गुरुजी लोकांना पाठ असतो. त्याचा आशय असा: ज्याला दारं नाहीत, ज्यावर छप्पर नाही, जिथे बली दिलेला नाही आणि माणसं जेवलेली नाहीत, अशा घरात शहाण्यानं शिरू नये, ते संकटांची खाण असतं. नीट पाहा, यात तारा नाही, तिथी नाही. पहिल्या दोन अटी गवंडी-सुतारांच्या आहेत, चौथी स्वयंपाकघराची. आजच्या भाषेत दार आणि छप्पर म्हणजे काय? चालू लिफ्ट, नळाला पाणी, अग्निशमनाची सोय, आणि या सगळ्याची तपासणी झाल्याचा कागद, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. कायद्यानं ते आणून देणं बिल्डरचं काम आहे. पण अक्षय्य तृतीया जवळ आली की "फर्निचरसाठी ताबा घ्या" म्हणत चाव्या दिल्या जातात, लोक पूजा उरकतात, आणि एकदा आत शिरलेल्या माणसाचा तगादा आपोआप ढिला पडतो. बिल्डरांना मुहूर्ताचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळलेलं आहे. वास्तुशांतीच्या यादीत गुरुजी सव्वा मीटर वस्त्रापासून नवग्रहांच्या समिधांपर्यंत सगळं लिहून देतात. तिच्यात सगळ्यात वर 'भोगवटा पत्र आले का?' एवढं लिहायला त्यांना शास्त्राची कुठलीच आडकाठी नाही. उलट आधार आहे.

म्हणून ज्यांच्याकडे मुहूर्त काढायचा आहे, त्यांनी आपल्या गुरुजींना तीन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं, आणि त्यांच्या उत्तरावरून माणूस ओळखावा. आमचं घर कोणत्या प्रकारात धरलंत? वेळ कोणत्या गावासाठी काढलीत? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या वेळेला नेमकं काय करायचं? कारण वास्तुशांत हा काही एका क्षणाचा विधी नाही. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, मग वास्तुमंडल मांडायचं, ग्रहांची स्थापना, होम, बली, आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमेचा निक्षेप आणि पूर्णाहुती. चार-पाच तास कुठेच गेले नाहीत. काही गुरुजी आधी उंबरठा ओलांडवून मग पूजा मांडतात, काही पूजा करून यजमानाला बाहेर नेतात आणि कलशासह पुन्हा आत आणतात. मुहूर्ताची वेळ असते ती या प्रवेशाची. जो गुरुजी म्हणेल, "अकरापर्यंत केव्हाही कलश घेऊन उजवं पाऊल आत टाका, बाकी होम सावकाश होऊ द्या," त्यानं चाळण स्वतः लावली आहे. जो नुसतं "दहा बारा म्हणजे दहा बारा" म्हणेल, त्यानं ती वेळ कुठून तरी उतरवून घेतली आहे.

सातव्या मजल्यावरच्या त्या कुटुंबाला मी नंतर चहाला गेलो तेव्हा हाच प्रश्न विचारला. दहा बाराला काय केलंत? घरधनी हसायला लागले. दहा बाराला ते चौथ्या मजल्यावर होते. आजींना धाप लागली म्हणून सगळे जिन्यातच बसले होते आणि सूनबाई घड्याळाकडे बघून रडवेली झाली होती. गुरुजी वरून तीन मजले उतरून आले, आजींच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "बसा निवांत. स्थिर लग्न अजून चांगलं पाऊण तास आहे." साडेदहाला उंबरठा ओलांडला. मग फोटोवाल्याला उजेड बरोबर मिळाला नाही, म्हणून तो आणखी दोनदा ओलांडला.